डिसेंबरची पेन्शन आली नाही: हयातीचा दाखला दिला, पण अडला कुठे?

जानेवारीचा पहिला आठवडा उलटला की आमच्याकडे दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो. "दाखला त नोव्हेंबरातच देला होता, मंग पेन्शन काहून नाही आली?" विचारणारा खोटं बोलत नसतो. बहुतेक वेळा त्यानं दाखला खरंच दिलेला असतो. तो जिथे पोचायला हवा होता तिथे पोचलेला नसतो, एवढंच. लेखा विभागातून निवृत्त झाल्यापासून गावातल्या पेन्शनधारकांचे कागद मी पाहतो. माझा अनुभव असा की घाईघाईनं दुसरा दाखला काढण्याआधी पहिला कुठे थांबला हे शोधलं पाहिजे. नाहीतर दुसराही त्याच जागी जाऊन थांबतो.

हे सगळं मी राज्य सरकारच्या त्या पेन्शनधारकांबद्दल लिहितो आहे ज्यांची पेन्शन जिल्हा कोषागारातून, म्हणजे ट्रेझरीतून निघते: वनखातं, पोलीस, महसूल, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य वगैरे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींची पेन्शन जिल्हा परिषद आणि पंचायत समितीमार्फत येते, त्यांनी ट्रेझरीत चौकशी करून उपयोग नाही. केंद्राच्या नोकरीतल्यांची पेन्शन बँकेच्या केंद्रीय पेन्शन कक्षातून निघते. सूतगिरणी, जिनिंग किंवा खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ पेन्शन भविष्य निधी कार्यालयाकडून येते, आणि त्यांचा दाखला नोव्हेंबरला बांधलेला नसून दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. तेव्हा आपली पेन्शन पाठवतो कोण, हे आधी पक्कं करा. पासबुकात जमा नोंदीच्या समोर जे लिहून येतं त्यावरून अंदाज येतो. खात्री करायची असेल तर पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश बाहेर काढा. विदर्भातल्या राज्य सरकारी पेन्शनधारकांचा पीपीओ नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघतो आणि त्यावर ट्रेझरीचं नाव असतं.

कोणता महिना चुकला?

ट्रेझरीची पेन्शन महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला जमा होते. दाखला द्यायची मुदत १ ते ३० नोव्हेंबर. डिसेंबरच्या सुरुवातीला जे पैसे येतात ते नोव्हेंबरचे असतात, त्यांचा या दाखल्याशी संबंध नसतो. दाखला न पोचल्याचा परिणाम डिसेंबरच्या पेन्शनवर होतो, आणि ती जानेवारीच्या सुरुवातीला यायची असते.

म्हणून पासबुक भरून घ्या आणि शेवटची जमा नोंद पाहा. ती डिसेंबरच्या सुरुवातीची असेल आणि जानेवारीत काहीच नसेल, तर संशय दाखल्यावर घ्यायला जागा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीलाही काही आलेलं नसेल, तर कारण वेगळंच आहे. मग दाखल्याच्या मागे लागून दिवस घालवू नका, थेट ट्रेझरीत विचारा.

पासबुक भरून घ्या हे मी मुद्दाम सांगतो आहे. खेड्यात पैसे काढायचे ते बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावून. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाच्या वेचणीचे दिवस. बोंडाच्या टोकदार काट्यांनी बोटं ओरबाडलेली असतात, वरून थंडीनं कातडी तडकलेली. अंगठा उमटत नाही, मशीन व्यवहार नाकारतं आणि माणूस "पेन्शन आली नाही" असं समजून घरी येतो. पैसे खात्यात पडलेले असतात. तसंच केवायसी जुनी झाली म्हणून बँकेनं पैसे काढणं थांबवलेलं असतं, पण जमा होणं चालू असतं. जमा झाले पण निघत नाहीत ही बँकेतली अडचण, आणि मुळात जमाच झाले नाहीत ही बहुधा मागची अडचण. छापलेल्या पासबुकाशिवाय या दोन्हींतला फरक कळत नाही.

ट्रेझरीत एकच प्रश्न विचारा

"पेन्शन का आली नाही?" असं विचारलं तर "दाखला नसेल" एवढं उत्तर मिळतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक समोर ठेवून विचारा: "डिसेंबरच्या देयकात माझं नाव होतं का?" देयक म्हणजे त्या महिन्याचं पेन्शनचं बिल. या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येत नाही. नाव एकतर असतं किंवा नसतं. तालुक्याच्या उपकोषागारातून फोनवर विचारून घेता आलं तर जिल्ह्याची फेरी वाचते. घरात कुणाला इंटरनेट जमत असेल तर महाकोषच्या संकेतस्थळावर निवृत्तिवेतनवाहिनी आहे, तिथे महिन्याची पेन्शन स्लिप पाहता येते. डिसेंबरची स्लिपच तयार झालेली नसेल, तर नाव देयकात नव्हतं असं धरून चला.

नाव होतं आणि रक्कम गेली असं उत्तर आलं, तर रक्कम पाठवल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि तो घेऊन बँकेत जा. शाखेतल्या माणसाला त्या क्रमांकावरून शोधता येतं, नुसत्या नावावरून नाही.

रक्कम गेली होती पण परत आली असं कळलं, तर खात्याच्या तपशिलात गडबड आहे. बँकांचं विलीनीकरण झालं की शाखेचा आयएफएससी बदलतो, कधी खाते क्रमांकही बदलतो, आणि जुना कोड बंद पडला की रक्कम उलट फिरते. नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि अर्ज ट्रेझरीत द्यावा लागतो. याचाही दाखल्याशी संबंध नाही.

आणि तिसरं उत्तर, जे जानेवारीत सर्वांत जास्त ऐकू येतं: नाव थांबवलेलं आहे. तेव्हाही कारण विचाराच. बहुधा हयातीचा दाखला नाही हेच असतं. पण कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बाबतीत पुनर्विवाह केलेला नाही याचं प्रमाणपत्र, किंवा मुलीच्या नावानं पेन्शन असेल तर विवाहाबद्दलची माहिती राहिलेली असू शकते. हयातीचा दाखला दहा वेळा दिला तरी त्यानं हे भरून निघत नाही.

दाखला दिला म्हणजे नेमका कसा दिला?

गावात दोन वाटा आहेत. जुनी वाट बँकेतल्या यादीची. ट्रेझरी त्या त्या शाखेतल्या पेन्शनधारकांची यादी बँकेला पाठवते, आपण नोव्हेंबरात जाऊन आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करतो, बँकेचा अधिकारी साक्षांकन करतो आणि यादी ट्रेझरीकडे परत जाते. ही वाट मला आजही भरवशाची वाटते, कारण आपलं नाव आपल्या डोळ्यांनी यादीत दिसतं. ती तुटते ती ठरावीक ठिकाणी. माणूस लेकीकडे नागपूरला किंवा अमरावतीला गेलेला असतो आणि तिथल्या शाखेत जाऊन सांगतो. त्या शाखेच्या यादीत त्याचं नाव नसतंच. कुणीतरी कोऱ्या नमुन्यावर सही घेतं आणि तो कागद पुढे कोणी पाठवायचा हे ठरलेलं नसतं. दुसरं म्हणजे वर्षभरात खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेलेलं असतं, नाव जुन्या शाखेच्या यादीत असतं आणि सही नव्या शाखेत झालेली असते.

यादीत सही केली असेल तर शाखेत जाऊन यादीची स्थळप्रत पाहू द्या असं सांगा. नावासमोर सही दिसली की ती यादी ट्रेझरीला पाठवल्याचा जावक क्रमांक आणि तारीख मागा. यादी वेळेत गेली असेल तर ट्रेझरीत त्या जावक क्रमांकावरून आवक नोंद सापडते. यादी शाखेतच टेबलावर राहिली असेल तर तेही त्याच वेळी उघड होतं, आणि मग अडलेले तुम्ही एकटे नसता. त्या शाखेतले सगळे पेन्शनधारक अडलेले असतात, तेव्हा चौघांनी मिळून जा.

दुसरी वाट जीवन प्रमाणची. ही २०१४ पासून आहे. सेतू केंद्रात, पोस्टमनच्या मशीनवर किंवा मोबाइलवर आधारच्या आधारे डिजिटल दाखला तयार होतो. सोयीची आहे, पण विदर्भातल्या खेड्यांत पेन्शन अडकल्याची जी प्रकरणं माझ्याकडे येतात त्यांतली बरीचशी याच वाटेवरची असतात. त्यामागचं कारण नीट समजून घ्यावं असं आहे.

डिजिटल दाखल्यात तपासलं काय जातं?

जीवन प्रमाणवर दाखला काढताना आधार क्रमांक, मोबाइल, नाव, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शनचा प्रकार, पेन्शन मंजूर करणारी यंत्रणा आणि पेन्शन वाटणारी यंत्रणा एवढं भरावं लागतं. मग बोट किंवा चेहरा जुळवला जातो. जुळणी होते ती फक्त आधारशी. ही व्यक्ती जिवंत आहे आणि हा आधार क्रमांक तिचाच आहे, एवढीच खात्री संगणक त्या क्षणी करतो. बाकीचं सगळं केंद्रावरच्या मुलानं टंकलेलं किंवा यादीतून निवडलेलं असतं आणि ते बरोबर आहे का हे तिथे कोणी तपासत नाही. खाते क्रमांकाचा एक अंक चुकला तरी दाखला तयार होतो. वाटणारी यंत्रणा चुकीची निवडली तरी दाखला तयार होतो, प्रमाण आयडी मिळतो, मोबाइलवर संदेश येतो आणि हातात छापील कागद पडतो.

तो कागद म्हणजे दाखला निघाल्याचा पुरावा, ट्रेझरीनं स्वीकारल्याचा नव्हे. स्वीकारायचा की नाकारायचा हे पेन्शन वाटणारं कार्यालय नंतर ठरवतं. आणि ज्या कार्यालयाकडे तो गेलाच नाही, त्याला तो दिसतही नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका मावशींचं प्रकरण सांगतो, म्हणजे हे कसं घडतं ते ध्यानात येईल. त्यांचे मालक वनखात्यात वनरक्षक होते. ते गेल्यापासून मावशींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत. २१ नोव्हेंबरला त्यांनी सेतू केंद्रात दाखला काढला. अंगठा उमटेना म्हणून त्या मुलानं चेहरा दाखवून काम केलं, आणि ते बरोबरच केलं. प्रमाण आयडीचा कागद मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत, पीपीओसोबत जपून ठेवला होता. जानेवारीत पैसे आले नाहीत. पासबुक भरून आणलं तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीची जमा दिसली, त्यानंतर काही नाही. उपकोषागारातून चौकशी केली तर डिसेंबरच्या देयकात नाव थांबवलेलं, कारण दाखला प्राप्त नाही.

मावशींचं म्हणणं एकच, "कागद त माह्या हातात हाये नं." मग आम्ही jeevanpramaan.gov.in उघडून, प्रमाण आयडी टाकून, मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन तोच दाखला पुन्हा पडद्यावर आणला आणि ओळ न् ओळ पीपीओशी ताडून पाहिली. नाव बरोबर. आधारचे शेवटचे आकडे बरोबर. पीपीओ क्रमांक बरोबर. खाते क्रमांक बरोबर. Disbursing Agency या ओळीत मात्र बँकेचं नाव होतं.

केंद्रावरच्या मुलानं विचारलं असणार, "पेन्शन कुठे येते?" आणि मावशींनी खरंखुरं उत्तर दिलं असणार, बँकेचं. त्यानं यादीतून बँक निवडली. केंद्राच्या पेन्शनधारकासाठी ते योग्य ठरलं असतं, कारण तिथे बँकच पेन्शन वाटते. राज्याच्या पेन्शनधारकासाठी बँक फक्त खातं सांभाळते. वाटणारी यंत्रणा ट्रेझरी, आणि तीही आपल्या जिल्ह्याची. दाखला बँकेच्या पेन्शन कक्षाकडे गेला, तिथे या पीपीओचा कोणी पेन्शनधारकच नाही, आणि ट्रेझरीला तो कधी दिसला नाही. यात ट्रेझरीचा दोष नव्हता आणि शाखेचाही नव्हता.

याच जागी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पेन्शनचा प्रकार: विधवा बाईचा दाखला कुटुंब निवृत्तिवेतनाचा असायला हवा, सेवेचा नको. जिल्हा: नोकरी चंद्रपूरला झाली आणि पेन्शन यवतमाळच्या ट्रेझरीतून असेल तर यवतमाळच हवं. आणि दोन पेन्शन असतील, म्हणजे स्वतःची आणि पतीमागची, तर दोन्ही पीपीओसाठी वेगवेगळा दाखला लागतो. एकच काढला तर एक पेन्शन चालू राहते आणि दुसरी थांबते. मग "एक येते, दुसरी काहून नाही" या कोड्यात लोक महिनाभर राहतात.

मागच्या वर्षीचा प्रमाण आयडी यंदा चालत नाही, हेही सांगून ठेवतो. काही जण जुना कागद घेऊन बँकेत जातात. दरवर्षी नवा दाखला, नवा आयडी. आणि ज्यांनी पुन्हा नोकरी धरली आहे किंवा पुनर्विवाह केला आहे, त्यांच्यासाठी डिजिटल दाखल्याची सोयच नाही. त्यांनी कागदी दाखला द्यायचा.

चूक सापडल्यावर

निघालेल्या डिजिटल दाखल्यात दुरुस्ती होत नाही. नवाच काढावा लागतो. मावशींसाठी आम्ही दोन्ही केलं: ट्रेझरी निवडून नवा डिजिटल दाखला काढला, आणि शाखा व्यवस्थापकांसमोर सही करून कागदी दाखलाही उपकोषागारात दिला. जानेवारीत मी नेहमी हेच सुचवतो. डिजिटल दाखला पडद्याआड कुठवर पोचला हे आपल्याला दिसत नाही, कागदाच्या प्रतीवर मात्र पोच मिळते आणि पुढच्या वेळी बोलायला हाताशी तारीख असते. पोच म्हणजे गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. नुसता "ठेवा इथं" म्हणून घेतलेला कागद दिल्यासारखा धरू नका.

सोबत एक अर्ज जोडा. लांबलचक नको. आम्ही दिलेला साधारण असा होता:

> प्रति, मा. जिल्हा कोषागार अधिकारी
>
> विषय: थांबवलेलं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करून थकबाकी मिळण्याबाबत.
>
> महोदय, माझा पीपीओ क्रमांक … असून निवृत्तिवेतन … बँकेच्या … शाखेतील खाते क्रमांक … मध्ये जमा होते. मी दि. २१ नोव्हेंबर रोजी जीवन प्रमाणद्वारे हयातीचा दाखला काढला होता (प्रमाण आयडी …), परंतु त्यात वितरण यंत्रणा चुकीची नोंदली गेल्याने तो आपल्या कार्यालयास प्राप्त झाला नाही. आता दुरुस्त दाखला (प्रमाण आयडी …) व शाखा व्यवस्थापकांनी साक्षांकित केलेला दाखला सोबत जोडला आहे. तरी माझे निवृत्तिवेतन पूर्ववत सुरू करावे व माहे डिसेंबरपासूनची थकबाकी अदा करावी, ही विनंती.

शेवटच्या वाक्यातले "पूर्ववत सुरू करावे" आणि "थकबाकी अदा करावी" हे दोन्ही तुकडे हवेतच. चालू पेन्शन पुन्हा सुरू होणं आणि मागच्या महिन्याची रक्कम निघणं या दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली झाली आणि दुसरी राहिली असं होतं. थांबलेली पेन्शन बुडत नाही, दाखला पोचला की ती द्यावीच लागते. पण ती काढायला कोणी विसरलं तर आपल्यालाच आठवण करून द्यावी लागते.

अर्ज देताना विचारा, "या महिन्याचं देयक कधी बंद होतं?" पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पैसे जावेत म्हणून देयक चालू महिन्यातच, आधीच तयार होतं. दाखला त्याआधी नोंदला गेला तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही येऊ शकतात. देयक बंद झाल्यावर दिला तर मार्चपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यात कुणाची चूक नसते. म्हणून जानेवारीत पैसे दिसले नाहीत की "संक्रांत होऊन जाऊ दे, मग बघू" असं करू नये.

मावशींची डिसेंबरची आणि जानेवारीची पेन्शन फेब्रुवारीत जमा झाली. तरीही आम्ही स्लिप काढून पाहिली, कारण पासबुकात एकच आकडा दिसतो आणि त्यात थकबाकी किती, चालू किती, हे कळत नाही. स्लिपवर ते वेगळं लिहिलेलं असतं.

अंगठा उमटत नसेल, माणूस उठू शकत नसेल

चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. अँड्रॉइड मोबाइलवर जीवन प्रमाणचं आणि आधारचं फेस आरडी ही दोन ॲप घ्यावी लागतात. आधी मोबाइल हाताळणाऱ्याचं स्वतःचं आधार एकदा जुळवावं लागतं, मग पेन्शनधारकाचं. हा हाताळणारा मुलगा, सून, शेजारी कुणीही असू शकतो. चेहरा जुळत नसेल तर म्हाताऱ्या माणसाला अंगणात, सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवा. पाठीमागून ऊन येत असेल तर जुळणी होत नाही. चष्मा काढा, डोक्यावरचा पदर किंवा दुपट्टा कपाळावरून मागे घ्या आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल आणि डोळ्यावर पट्टी असेल तर हा नाद सोडा, कागदी दाखला द्या.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, त्याचं थोडं शुल्क असतं. त्यालाही वाटणारी यंत्रणा ट्रेझरी असल्याचं आपणच सांगायचं. एका चिठ्ठीवर पीपीओ क्रमांक, पेन्शनचा प्रकार, ट्रेझरीचा जिल्हा आणि खाते क्रमांक लिहून पीपीओला टाचून ठेवली तर सांगणारं कुणी घरी नसलं तरी काम चुकत नाही.

याच दिवसांत फोन येतात, "ट्रेझरीतून बोलतोय, दाखला अडकला आहे, ओटीपी सांगा." ट्रेझरी ओटीपी मागत नाही. फोन ठेवा आणि आपण होऊन कार्यालयात चौकशी करा.

पोच मिळूनही हललं नाही तर

पोच मिळाल्यानंतर एक देयक जाऊ द्या. तरी पेन्शन आली नाही तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून दुसरा अर्ज द्या आणि त्यात विचारा की अमुक तारखेला मिळालेल्या दाखल्यावर काय कार्यवाही झाली. आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, तिथेही आवक क्रमांक टाका. त्यानंही उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, आणि ३० दिवसांत उत्तर देणं कार्यालयावर बंधनकारक आहे. अर्जात "माझी पेन्शन द्या" असं लिहू नका, कारण तो कायदा माहिती मिळवण्यासाठी आहे. विचारा असं: आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या दाखल्याची नोंद कोणत्या तारखेला घेतली, आणि डिसेंबरपासूनच्या प्रत्येक महिन्याच्या देयकात या पीपीओवर किती रक्कम दाखवली, त्याची प्रत द्यावी. माझ्या पाहण्यात असा अर्ज पोचला की उत्तर लिहिण्याआधी तो पीपीओ उघडून पाहिला जातो, आणि अडलेली नोंद बहुतेक वेळा तेव्हाच मार्गी लागते.